नफाथवरचा आकडा फोनवर कोणी सांगितला तर? ज्येष्ठांसाठी चित्रफितीची संहिता

सौदी अरेबियात राहणाऱ्या माणसाची सरकारी आणि बँकेची बरीच ऑनलाइन कामे ‘नफाथ’ ॲपवर ओळख पटवून होतात. संकेतस्थळावर इकामा क्रमांक टाकला की समोर दोन अंकी आकडा येतो. मोबाइलमध्ये नफाथ उघडायचे आणि तिथल्या आकड्यांतून नेमका तोच निवडायचा, की ओळख पटली. काही कामांना चेहराही दाखवावा लागतो. ही चित्रफीत या आकड्यावरून होणाऱ्या फसवणुकीची आहे.

पहिले दृश्य जुबैलमधल्या एका घरातले. गुरुवारची रात्र, दुसऱ्या दिवसापासून सुट्टी. साठी ओलांडलेले, अजून नोकरीत असलेले काका जेवून उठले आहेत. फोन वाजतो. क्रमांक ०५ ने सुरू होणारा, साधा स्थानिक मोबाइल. पलीकडचा माणूस हिंदीत बोलतो, काकांना नावाने हाक मारतो आणि त्यांचा इकामा क्रमांक धडाधड वाचून दाखवतो.

“अब्शर ऑफिस से बात कर रहा हूँ. आपका इकामा अपडेट नहीं है, आज रात बारह बजे बँक अकाउंट बंद हो जाएगा.”

काकू आतून विचारतात, “कोणाचा फोन आहे हो?” काका हातानेच थांबायला सांगतात. इथे चित्र थांबते आणि निवेदन सुरू होते.

इकामा क्रमांक माहीत असलेला माणूस सरकारीच असणार, हा पहिला गैरसमज. दहा अंकी इकामा क्रमांक गुप्त नसतो. सिमकार्डाच्या दुकानात, रुग्णालयात, घरमालकाकडे त्याच्या प्रती पडलेल्या असतात. नाव आणि क्रमांक सांगता येणे म्हणजे कुठली तरी एक प्रत पाहिलेली असणे, एवढाच त्याचा अर्थ.

चित्र पुन्हा चालू होते. “ओटीपी मत बताइए, किसी को नहीं बताना,” असे तो माणूस स्वतःहून बजावतो, आणि काकांना हायसे वाटते. मग तो म्हणतो, “बस नफाथ खोलिए, सैंतालीस पर दबाइए.” काका ४७ दाबतात, फोन चेहऱ्यासमोर धरतात. दोन मिनिटांत फोन बंद होतो.

ओटीपी आणि पासवर्ड दिला नाही, म्हणजे काही दिलेच नाही, हा दुसरा गैरसमज, आणि या फसवणुकीचा सगळा डाव त्यावरच उभा आहे. ४७ हा आकडा त्या माणसाला आला कुठून? काकांचा इकामा क्रमांक वापरून त्याने स्वतःच्या संगणकावर एखादी सेवा उघडली होती आणि आकडा त्याच्या पडद्यावर उमटला होता. तो दाबून काकांनी ‘हे काम मीच करतो आहे’ अशी संमती दिली. ओटीपी न मागण्यात चांगुलपणा नव्हता. त्याला त्याची गरजच नव्हती. म्हणून खूण एकच: आकडा स्वतः उघडलेल्या, स्वतःच्या समोरच्या पडद्यावर दिसला पाहिजे. तो फोनवरून ऐकू आला किंवा व्हॉट्सॲपवर आला, तर दाबायचा नाही. आपण काहीही सुरू केलेले नसताना नफाथची विनंती आली, तर ती नाकारायची.

खात्यात फारसे पैसे नाहीत, मग नेणार काय, असे काका दुसऱ्या दिवशी म्हणतात. पण अशा संमतीने आपल्या नावावर सिमकार्ड किंवा नवे खाते निघू शकते. इतरांकडून लुबाडलेली रक्कम त्या खात्यातून फिरवली, तर पोलिसांच्या चौकशीत पहिले नाव खातेदाराचे येते. आर्थिक फसवणुकीविरुद्धच्या २०२१ च्या सौदी कायद्यात ७ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाख रियालपर्यंत दंड आहे. आपण आकडा कसा दाबला हे तेव्हा समजावून सांगत बसावे लागते.

‘सुट्टी आहे, रविवारी बँकेत जाऊ’ हा विचार सर्वांत महाग पडतो. ‘सरी’ ही तत्काळ पैसे पाठवण्याची यंत्रणा २०२१ पासून सुरू आहे आणि तिला शुक्रवार-शनिवार नसतो. पैसे काही सेकंदांत दुसऱ्या खात्यात जातात, तिथून तिसऱ्या. ते थांबवण्याची संधी पहिल्या काही मिनिटांतच जास्त असते.

शेवटच्या दृश्यात काकू कार्ड उलटे करून मागचा क्रमांक वाचतात आणि काका बँकेला फोन लावतात. आलेला क्रमांक उलट लावायचा नाही, कारण तो पुन्हा त्याच माणसाकडे जातो. खाते आणि कार्ड गोठवल्यावर तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यायचा आणि ‘कुल्लुना अम्न’ ॲपवर किंवा पोलिस ठाण्यात तक्रार नोंदवायची. फसवा एसएमएस आला असेल, तर तो ३३०३३० वर पुढे पाठवायचा. अब्शरचा पासवर्ड बदलायचा. आपल्या इकाम्यावर किती मोबाइल क्रमांक नोंदले आहेत, हे ‘अरकामी’ सेवेत दिसते. तिथे अनोळखी क्रमांक आढळला, तर त्या मोबाइल कंपनीला कळवून तो बंद करून घ्यायचा.