‘ताई, चकली मऊ पडली, काय चुकलं?’

फराळाच्या पाककृती देणाऱ्या इन्स्टाग्राम पानांवर दिवाळीत हा प्रश्न हमखास येतो. पान चालवणारी ताई घाईघाईत ‘मोहन बघा’ एवढं उत्तर देते आणि दोन दिवसांनी ‘आता कशावर कॅरुसेल करू?’ म्हणून डोकं खाजवत बसते. विषय तिच्याच इनबॉक्समध्ये पडलेला असतो.

कॅरुसेल म्हणजे एकाच पोस्टमध्ये बोटाने सरकवत पाहायच्या चित्रांची माळ. इन्स्टाग्रामवर ही सोय 2017 मध्ये आली तेव्हा तिच्यात दहा चित्रं मावत. 2024 पासून वीस मावतात. ज्या उत्तराला पायऱ्या आहेत, जे थांबून वाचायचं आणि पुन्हा उघडून बघायचं आहे, त्याला ही माळ सोयीची पडते. मग असे प्रश्न शोधायचे कसे?

समजा, या ताईकडे दिवाळीच्या महिन्यात दीडशे कमेंट आणि मेसेज आले. त्यातले ‘मस्त’, ‘तोंडाला पाणी सुटलं’, ‘रेसिपी पाठवा’ हे बाजूला काढले की साठेक खरे प्रश्न उरतात. ते वहीत किंवा एक्सेलमध्ये एकाखाली एक उतरवायचे. नावं लिहायची नाहीत, पण प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत ठेवायचा. शेजारी तारीख, आणि तो कमेंटमधून आला की खासगी मेसेजमधून, एवढं टिपलं की पुरे. खासगी मेसेज वगळून चालत नाही. ‘लग्नाला पंधरा वर्षं झाली तरी मला चकली जमत नाही’ हे चारचौघांत कुणी लिहीत नाही. ज्यांनी मेसेज केला त्यांना ताई स्वतः फॉलो करत नसेल, तर त्यांचे प्रश्न ‘रिक्वेस्ट’च्या फोल्डरमध्ये अडकलेले असू शकतात. तिथेही डोकावायचं.

यानंतरचं काम नाजूक आहे. समजा, साठांतल्या बावीस जणी ‘मऊ’ म्हणतात. म्हणून ‘चकली मऊ का पडते?’ हा एक विषय ठरवला, तर फसगत होते. त्यांचे शब्द पुन्हा वाचले की दोन वेगळी दुखणी दिसतात. काहींची चकली कढईतून काढली तेव्हाच आतून मऊ होती: तेल फार तापलेलं होतं, त्यामुळे बाहेरून लाल झाली आणि आत ओलावा राहिला. काहींची पहिल्या दिवशी कुरकुरीत होती, डब्यात गेल्यावर मऊ पडली: बहुधा गरम असतानाच भरली आणि वाफ आत कोंडली. ‘तुटते’ या शब्दाचंही तसंच. सोऱ्यातून पाडतानाच तुकडे पडत असतील तर पीठ कोरडं राहिलंय; तेलात विरघळत असेल तर मोहन जास्त झालंय. एकच शब्द, पण इलाज उलट दिशांचे. जिचं पीठ कोरडं आहे तिने मोहन कमी केलं, तर पुढचा घाणाही वाया जातो.

म्हणून गट शब्दांवरून करायचे नाहीत, बिघाड कधी दिसला यावरून करायचे. मेसेजमधून ते कळत नसेल तर उलट एकच प्रश्न विचारायचा: ‘मऊ लगेच झाली की दुसऱ्या दिवशी?’ आणि मोजायची ती माणसं, मेसेज नव्हेत. एकीनेच पाच वेळा विचारलं तर ती एकच.

आता कॅरुसेल आपोआप उलगडतं. पहिल्या चित्रावर विचारणारीचेच शब्द: ‘काल कुरकुरीत होती, आज मऊ!’ दुसऱ्यावर ओळखण्याची खूण, पुढे कारण, मग तेलातले बुडबुडे कमी होईपर्यंत मध्यम आचेवर तळणं, पूर्ण गार करून डबा भरणं. शेवटच्या चित्रावर, दुखणं वेगळं असेल तर कुठल्या पोस्टकडे जायचं ते. सोऱ्या फिरवायचा हात मात्र चित्रांत दाखवता येत नाही, त्याला व्हिडिओच लागतो. कुणाच्या खासगी मेसेजचा फोटो टाकायचा झाल्यास आधी विचारायला हवं. नाव झाकलं तरी सासरच्या मंडळींना भाषा ओळखू येते.

तारखांचा रकाना इथे कामाला येतो. हे प्रश्न चकल्या बिघडल्यावर, ऐन दिवाळीत येतात. तेव्हा केलेलं कॅरुसेल उशिरा पोचतं. ते पुढच्या वर्षी, भाजणी दळायला जाते त्या सुमारास टाकायचं.

एक मर्यादाही आहे. विचारतात ते थोडे, आणि बहुतेक ज्यांचं बिघडलं तेच. ज्यांनी भीतीपोटी सोऱ्या हातातच घेतला नाही, त्यांचा प्रश्न या वहीत येत नाही.

उत्तर पोचलं का, हे लाइकवरून कळत नाही. ज्यांनी विचारलं होतं त्यांना पोस्ट पाठवायची आणि पुढच्या दिवाळीत वही पुन्हा उघडायची. ‘मऊ पडली’ तेवढ्याच वेळा आलं असेल, तर दोन दुखणी अजून एकाच पोस्टमध्ये कोंबलेली आहेत. ‘जमली! आता भाजणी घरी किती भाजायची?’ असं येऊ लागलं, तर पुढचा विषय विचारणारीनेच हातात दिलाय.