हाताने लिहिलेलं जीएसटी बिल उतरवताना

जीएसटी क्रमांक पंधरा स्थानांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा स्थानं म्हणजे पॅन: पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर. त्यामुळे घाईच्या अक्षरातला ‘एस’ की ५, हे बहुधा जागाच सांगते. चौदावं स्थान सहसा ‘झेड’चं, तिथे २ वाटला तर पुन्हा पाहावं.

रकमांचा पडताळा उलटा घ्यावा. मूळ किंमत ४,८५० वाचली, दर १८ टक्के. पण सीजीएसटी आणि एसजीएसटी प्रत्येकी ३९१.५० लिहिलेत. ४,८५० वर नऊ टक्के ४३६.५० होतात. ३९१.५० ला ०.०९ ने भागलं की ४,३५० येतात. एकूण ५,१३३ जुळले, तर तो आठ नव्हे, तीन. न जुळल्यास आकडा स्वतः दुरुस्त न करता विक्रेत्याला विचारावं.