बजेटात नसलेला खर्च कसा मागावा?

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात बचत गटांच्या बायका आता शेतकरी उत्पादक कंपन्यांची खरेदी केंद्रं सांभाळतात. वजन करणं, पोती मोजणं, पावती फाडणं हे सगळं आपल्या हातात असतं. पैशाला मंजुरी मात्र तालुक्याच्या कार्यालयातल्या वित्तप्रमुखांकडून घ्यावी लागते. वर्षाचं बजेट ठरलेलं असतं आणि मध्येच असा एखादा खर्च उभा राहतो की ज्याचा त्यात उल्लेखच नसतो. तो कसा मागायचा, हे आज एका उदाहरणातून पाहू. उदाहरण समजुतीसाठी रचलेलं आहे. त्यातले दर तुमच्या गावात वेगळे असतील, पण हिशोबाची रीत हीच राहील.

समजा, चिखली तालुक्यातलं एक केंद्र आहे आणि दिवस सोयाबीन काढणीचे आहेत. गोदाम भरलंय आणि १४० क्विंटल सोयाबीन, म्हणजे ५० किलोची २८० पोती, बाहेर ओट्यावर आहेत. सोमवारी सकाळी नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा अंदाज आला की गुरुवारपासून बुलढाणा जिल्ह्यात पाऊस आहे. माल उचलणारी गाडी पुढच्या आठवड्यात येणार. ताडपत्र्या हव्यात आणि बजेटात ताडपत्रीचं नावही नाही.

अशा वेळी आपला हात पहिल्यांदा कुठं जातो? "साडेसात लाखांचा माल धोक्यात आहे, ताबडतोब पैसे पाठवा," असं लिहिण्याकडे. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये धरला तर १४० क्विंटलची किंमत तेवढी होते खरी. पण वित्तप्रमुखांना ठाऊक असतं की पावसानं सगळी पोती वाया जात नाहीत. आकडा फुगलेला दिसला की त्या बाकीच्या आकड्यांवरही शंका घेतात आणि चौकशीत दोन दिवस जातात. म्हणून नुकसान जेवढं खरंच होईल तेवढंच मांडायचं.

ते असं काढू. पाऊस पडला तर खालच्या थरातली आणि कडेची पोती भिजतात. थप्पी पाहून अंदाज केला की साधारण चौथा हिस्सा, म्हणजे ३५ क्विंटल. सरकारी खरेदीत ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के आहे, त्यामुळे भिजलेला माल तिथं परत येतो आणि बाजारात कमी भावानं जातो. बाजार समितीत काल सुक्या आणि ओल्या मालाच्या भावात ४०० रुपयांचा फरक होता असं धरू. ३५ क्विंटलचे झाले १४,००० रुपये. शिवाय माल पसरून वाळवायला सहा बायका तीन दिवस, ३०० रुपये रोजानं ५,४०० रुपये. एकूण १९,४०० रुपये. हा आकडा साडेसात लाखांपेक्षा फार लहान आहे, पण यातली प्रत्येक ओळ विचारली तर दाखवता येते.

आता खर्च. ७० पोत्यांची एक, अशा चार थप्प्या. २४ बाय १८ फुटांच्या चार ताडपत्र्या, २,१५० रुपयांप्रमाणे ८,६००. पाणी ओट्यावरूनही वाहतं, तेव्हा पोती वर उचलायला २० जुने लाकडी पॅलेट, १५० रुपयांप्रमाणे ३,०००. एकूण ११,६०० रुपये. दुसरा मार्ग म्हणजे माल वखारीत हलवणं. गाडी आणि हमाली मिळून क्विंटलला ६० रुपये धरले तर ८,४०० रुपये फक्त जाण्याचे, भाडं वेगळं, आणि शेवटी हातात वस्तू काही राहत नाही. हा दुसरा मार्ग तपासून पाहिला, हे एका ओळीत लिहावं. नाहीतर वित्तप्रमुख तोच प्रश्न विचारतील.

तिसरी गोष्ट आपण बहुतेकदा विसरतो. पैसे कुठून द्यायचे? वित्तप्रमुखांची खरी अडचण तीच असते. आपणच वही उघडून पाहिलं तर वाहतुकीला ४२,००० होते, २२,००० खर्च झाले, राहिलेल्या दोन फेऱ्यांना ८,००० लागतील. मग १२,००० उरतात. "वाहतुकीतून वळवावे" असं सुचवलं की त्यांना फक्त होय किंवा नाही म्हणायचं उरतं.

आता पत्र असं होईल:

"मा. वित्तप्रमुख मॅडम, नमस्कार. विषय: ताडपत्री व पॅलेटसाठी ११,६०० रुपयांची मंजुरी. केंद्रावर १४० क्विंटल सोयाबीन उघड्यावर आहे आणि गुरुवारपासून पावसाचा अंदाज आहे. माल भिजल्यास सुमारे १९,४०० रुपयांचं नुकसान होईल. वखारीत हलवल्यास जाण्याचेच ८,४०० आणि वर भाडं लागेल. हा खर्च बजेटात नाही, पण वाहतुकीत १२,००० शिल्लक राहतात, त्यातून वळवावा ही विनंती. दुकानदार बुधवारी माल पोचवेल, त्यासाठी मंगळवारी दुपारी चारपर्यंत होकार मिळाल्यास सोयीचं होईल. तीन दरपत्रकं आणि ओट्याचा फोटो सोबत आहे. आपल्या शंकेसाठी फोनवर आहोत. केंद्रप्रमुख."

यात 'तातडीचं' हा शब्द कुठंच नाही, तरी घाई समजते. कारण वेळ दिलीय आणि त्या वेळेचं कारणही दिलंय. नुसतं "लवकरात लवकर" लिहिलं तर कागद गठ्ठ्यात खाली जातो. पत्र व्हॉट्सॲपवर पाठवलं की तासाभरानं एक फोन करावा, "मॅडम, पत्र मिळालं का, काही विचारायचं आहे का?" एवढाच. लगेच अध्यक्षांकडे जाऊ नये. वित्तप्रमुखांना डावललं असं वाटतं आणि पुढचा प्रत्येक कागद अडतो.

त्या फोनवर दोन प्रश्न हमखास येतात. पाऊस आलाच नाही तर? तर वस्तू नोंदवहीत चढवून पुढच्या हंगामाला वापरू, हे सांगावं. आणि झाकलेला माल कुजणार नाही ना? हा प्रश्न रास्त आहे. ओलावा १२ टक्क्यांच्या वर असेल तर ताडपत्रीखाली माल तापतो आणि बुरशी धरतो. म्हणून आधी मीटरनं ओलावा मोजून ठेवावा आणि ऊन पडताच ताडपत्री उघडू, असं सांगावं.

दोन गोष्टी मात्र टाळायच्या. केंद्रप्रमुखांना ५,००० पर्यंतच अधिकार असेल तर ११,६०० चं एक बिल फोडून तीन करायचं नाही. एकाच दुकानाची, एकाच तारखेची तीन बिलं हिशोब तपासनीसाच्या पहिल्या नजरेत भरतात. आणि आधी खरेदी करून मागाहून मंजुरी मागायची सवय लावायची नाही. तिला कार्योत्तर मंजुरी म्हणतात. ती मिळेलच असं नाही, आणि नाही मिळाली तर ज्या बाईनं सही केली तिच्या खिशातून ते पैसे जातात.

नकार आला तर? तर विचारावं, "निम्मे मिळतील का?" ६,००० रुपयांत दोन ताडपत्र्या आणि दहा पॅलेट बसतात. कडेच्या दोन थप्प्या त्यात झाकता येतात आणि उरलेली पोती शेजारच्या पडवीत हलवता येतात. हे गणित मंगळवारच्या फोनआधीच वहीत लिहून ठेवावं.