साळावलीचे ओसरणारे पाणी कसे मोजतात?
उन्हाळ्यात साळावली जलाशय ओसरला, की कुर्डी गावाचे अवशेष उघडे पडतात. ही घट सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रांवरून मोजता येते. पाणी हिरवा प्रकाश थोडाफार परतवते, निकट-अवरक्त मात्र बहुतांशी शोषते. दोहोंच्या परावर्तनातील फरकाला त्यांच्या बेरजेने भागले, की जलनिर्देशांक मिळतो. खोल पाण्यात ही परावर्तने समजा ०.०८ आणि ०.०२ असली, तर तो ०.६ येतो. शून्याहून अधिक ते पाणी, हा प्रचलित उंबरठा.

पावसाळ्यात ढग आड येतात. भरलेल्या जलाशयासाठी ऑक्टोबरचे निरभ्र चित्र बरे. खरी फसगत मे महिन्यात होते. काठचे उथळ, गढूळ पाणी ०.१० आणि ०.११ परतवते, निर्देशांक शून्याखाली जातो आणि पाणी असूनही नकाशावर जमीन उमटते. उंबरठा खाली आणावा, तर ओला चिखलही पाण्यात धरला जातो. काठाची दोन-चार ठिकाणे त्याच आठवड्यात पायी पाहूनच तो ठरवावा लागतो.