टीबीच्या गोळ्या आणि केशरी लघवी

टीबीचं औषध सुरू झालं की लघवी केशरी-लाल दिसते आणि घरचे घाबरतात, ‘रक्त तर नाही ना?’ हा रंग रिफाम्पिसिनचा. हे औषध मुळातच विटकरी असतं आणि त्याचा काही भाग लघवीवाटे बाहेर पडतो. गोळी घेतल्यावर काही तासांत रंग गडद, नंतर फिका. घाम आणि अश्रूही रंगतात. सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्सवर कायमचा डाग पडू शकतो, म्हणून चष्माच बरा.

पण लघवी कोऱ्या चहासारखी तपकिरी झाली, डोळे पिवळे दिसले, जेवण नकोसं झालं, मळमळ होऊ लागली, तर ती यकृताची तक्रार असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. नुसत्या केशरी रंगाला घाबरून मात्र गोळ्या बंद करू नका.