पत्र पोचलं नव्हतं, हे त्या मुलाला कुठं ठाऊक होतं?

डॉ. आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे छोटं आत्मकथन इंग्रजीत लिहिलं. त्याच्या पहिल्या प्रकरणात १९०१ सालच्या सुट्टीतला एक प्रवास आहे. वडील गोरेगावला नोकरीला. नवे कपडे घालून मुलं साताऱ्याहून आगगाडीनं मसूरला उतरतात. घ्यायला कोणी आलेलं नसतं. आपुलकीनं चौकशी करणारा स्टेशनमास्तर जात ऐकताच मागं सरतो. शेवटी दुप्पट भाड्यावर बैलगाडी मिळते, पण गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानानं पायी चालायचं. डबा जवळ असूनही पाण्यावाचून रात्र उपाशी जाते.

या प्रकरणाचा सारांश लिहायला सांगितला, की बहुतेक जण अशी सुरुवात करतात : ‘नोकरानं पत्र वडिलांना न दिल्यामुळे बाबासाहेबांना घ्यायला कोणी आलं नाही.’ माहिती खरी आहे, पण ती मुलांना कळली गोरेगावला पोचल्यावर. फलाटावरच्या मुलाला एवढंच दिसतं, की बाकीचे उतारू निघून गेले आणि वडील आले नाहीत. पत्राचा खुलासा आधीच केला, तर ती वाट पाहणंच नाहीसं होतं. शिवाय फलाटावर ‘बाबासाहेब’ नव्हते, एक शाळकरी मुलगा होता. ते नावसुद्धा नंतरच्या काळातून आलेलं.

म्हणून प्रत्येक वाक्याला विचारावं : हे त्या मुलाला तेव्हा ठाऊक होतं का? नसेल, तर क्रियापदानं तसं दाखवावं. मराठीत ते सोपं आहे. ‘कोणी का आलं नाही ते कळेना’ हा मुलगा. ‘पोचल्यावर उलगडा झाला’ ही थोड्या वेळानं आलेली माहिती. ‘लेखक म्हणतात’ हा सुमारे पस्तीस वर्षांनंतरचा प्रौढ माणूस.

खरा घोळ शेवटी होतो. ‘या प्रवासात त्यांना अस्पृश्यता प्रथम कळली’ असं सर्रास लिहिलं जातं. लेखक तसं म्हणत नाहीत. शाळेत वेगळं बसणं, शिपायानं नळ सोडल्याशिवाय पाणी न मिळणं, हे त्या मुलाला माहीत होतंच. ते त्याला रीतीचं वाटे. या प्रवासानं त्यावर विचार करायला लावलं, हा निष्कर्ष प्रौढ लेखकाचा आहे.

आणखी एक गंमत. लेखक आपलं वय नऊ सांगतात. जन्म एप्रिल १८९१चा, म्हणजे हिशोबानं दहा भरतात. सारांशात नऊच ठेवावं. दुरुस्ती हवीच असेल, तर ती आपल्या नावावर, वेगळ्या वाक्यात.

मग सारांश असा होतो : ‘मसूरला मुलं वाट पाहत राहिली, कोणी का आलं नाही ते त्यांना कळेना. गोरेगावला पोचल्यावर कळलं, की नोकरानं पत्र दिलंच नव्हतं. या घटनेनं मनावर कायमचा ठसा उमटवला, असं लेखक पुढे नोंदवतात.’ तीन वाक्यं, तीन वेळा. यांतलं कुठलंही दुसऱ्यात मिसळू नये.