टक्कल, गोळी आणि डॉक्टरांना पत्र

‘डॉक्टरसाहेब, फिनास्टेराइडची १ मिलिग्रॅमची गोळी दोन महिने रोज घेतोय. तेव्हापासून कामेच्छा कमी झालीय, मन उदास असतं. हे गोळीमुळेच का? त्याऐवजी मिनॉक्सिडिल चालेल का?’

असं पत्र डॉक्टरांच्या खरंच कामाचं, कारण त्रास केव्हा सुरू झाला ते त्यात आहे. ही गोळी केसांची मुळं बारीक करणारं डीएचटी हे संप्रेरक घटवते. लैंगिक तक्रारी थोड्यांनाच होतात आणि बहुधा गोळी थांबवल्यावर जातात. पण काहींच्या टिकून राहिल्याच्याही नोंदी आहेत. डोक्याला लावायचं मिनॉक्सिडिल डीएचटी घटवत नाही. मात्र ते सोडलं की केस पुन्हा गळतात. जीव नकोसा वाटला, तर पत्रोत्तराची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.